मिठागराचं पान

अस्मिता खेळासाठी लोकवर्गणीचं पान लिहायला बसली की तिचं घोडं पहिल्याच वाक्यापाशी अडायचं. बाकी सगळं तयार होतं. पटावरची मिठाची खाचरं तिच्या कॉलेजपासूनच्या मित्राने, तेजसने, जलरंगात काढून दिली होती. सावंतवाडीच्या कारागिराकडून लाकडी सोंगट्यांचा नमुना आला होता. बक्षिसंही ठरली होती. जो पैसे लावेल त्याला खेळाचा एक डबा मिळणार, थोडे जास्त लावणाऱ्याचं नाव नियमांच्या पुस्तिकेत छापलं जाणार, आणि वरच्या पायरीवर मोजक्याच लोकांसाठी ‘नंदूकाकांबरोबर एक डाव’. राहिली होती ती फक्त गोष्ट. लोकवर्गणीच्या त्या पोर्टलवर सगळ्यात वर ‘गोष्ट’ नावाचा रकाना असतो. लोक खेळ नंतर बघतात, आधी तो रकाना वाचतात, असं तेजसचं म्हणणं.

खेळ तिच्या बाबांचा, म्हणजे या नंदूकाकांचा, नंदकिशोर म्हात्र्यांचा. करावे गावात त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. ते गेलं, तिथे शहर आलं, आणि त्याच शहराचे नकाशे काढण्याची नोकरी बाबांनी जन्मभर केली. निवृत्त झाल्यावर नेरूळच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा पसरून त्यांनी हा खेळ मांडला. भरती आली की उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, उघडायची, खाडीचं पाणी खाचरात घ्यायचं, ऊन पडेपर्यंत धीर धरायचा, आणि पत्त्यांतून अवकाळी पावसाचं पान निघायच्या आत मीठ ओढून घ्यायचं. खेळाचं नाव ‘मिठागर’. रोज दुपारी ते आईबरोबर एक डाव खेळत. आई हरली की म्हणायची, “तुमच्या बापाचं मिठागर, तुम्हीच जिंका.”

आणि मागच्या वर्षी बाबा विसरू लागले. आधी चाव्या, मग नातेवाईक. एकदा सीवूड्सच्या स्टेशनबाहेर उभे राहून घर कुठल्या बाजूला ते त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं. डॉक्टरांनी अस्मिताला आणि आईला आत बोलावून आजाराचं नाव सांगितलं, बाबा बाहेर बाकावर बसले होते. घरी येताना दोघींचं न बोलताच ठरलं. बाबांना सांगितलं, डोक्याला रक्त कमी पोचतं, गोळ्या घ्यायच्या. आईने त्या दिवसापासून मीठ सोडलं. अळणी भात-भाजी घेऊन ती एकवीरा आईच्या तसबिरीपुढे बसायची, आणि कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणायची, “खेळ होऊ दे एकदा.”

बाबांच्या हातात खरा, छापलेला डबा द्यायचा, आणि तो आपला आहे हे त्यांना कळत असतानाच द्यायचा. अस्मिताला एवढंच हवं होतं.

“मग हेच लिही ना,” तेजस म्हणाला. “अगं, याच्याहून मोठी स्टोरी कुठली? लोक रडतील.”

“रडायला नाही बोलावत आपण त्यांना. खेळायला बोलावतोय.”

“तू ना, मार्केटिंगमध्ये नापास.”

“होऊ दे नापास.”

तिने गोष्टीत मिठागर लिहिलं, आजोबा लिहिले, पहाटेच्या वाऱ्यात चमकणारी खाचरं लिहिली. आजार लिहिला नाही. बाबांनी पान मोठ्याने वाचलं, एक काना दुरुस्त करायला लावला आणि म्हणाले, “बरा लिवलाय. माझ्या बापाला वाचता येत नव्हता, नायतर खूश झाला असता.”

मोहीम सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यात पानावरची जमलेल्या रकमेची पट्टी भराभर हिरवी होत गेली. नातेवाईक, ऑफिसमधले, खारघरचा एक बोर्डगेम खेळणाऱ्यांचा गट. मग नेहमी जे होतं ते झालं. मधल्या दिवसांत पट्टी जागची हलेना. अस्मिता पोर्टलवर खबरा टाकत राहिली. सोंगट्यांना दुसरा रंग दिला, पुठ्ठा जाड केला, पत्त्यांतल्या उधाणाच्या पानाचं चित्र बदललं. खबर गेली की दोन-चार जण ‘छान’ म्हणत आणि पट्टी तिथेच. पोर्टलचा नियम सरळ होता. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पुरी झाली तरच लोकांच्या खात्यातून पैसे कापायचे. एक पैसा कमी पडला तरी सगळं रद्द.

बाबा रोज सकाळी चहाबरोबर फोनवर पान उघडून बघायचे. “हललं का गो?” विचारायचे. एका सकाळी त्यांनी पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “कोनीतरी आपल्या मिठागरावर खेळ काढलाय. बघ.”

आई ओट्याशी उभी होती, ती वळलीच नाही. अस्मिता फोन हातात घेऊन म्हणाली, “तुम्हीच काढलाय, बाबा.”

“हां, हां. मीच,” बाबा हसले. “गंमत केली.”

त्या दुपारी तिने तेजसला फोन केला. तेजस म्हणाला, “आजाराचं उघड्या पानावर नको घालू. फक्त पैसे लावणाऱ्यांसाठीची खबर टाक. बाहेरच्यांना दिसत नाही. ते पुढे आपापल्या माणसांना सांगतील. काका पान बघतात ना? त्यांना तिथे कुलूप दिसेल फक्त.”

अस्मिताने खबर लिहिली. एका दमात लिहिली, कारण थांबली असती तर पुढे गेली नसती. आजाराचं नाव लिहिलं. रिक्षावाला लिहिला. ‘बाबांना हे माहीत नाही’ असंही लिहिलं. ‘खेळ आपला आहे हे त्यांना ओळखू येतंय तोवर तो त्यांच्या हातात द्यायचा आहे.’ देवघराकडे न बघता तिने बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत पट्टी हलली. दुसऱ्या दिवशी धावली. तिसऱ्या दिवशी शेवटाला टेकली आणि पुढे गेली. ‘नंदूकाकांबरोबर एक डाव’च्या सगळ्या जागा भरल्या. तेजसने फोनवर आरोळी ठोकली. अस्मिता पेढे घेऊन घरी आली.

बाबा टेबलाशी बसले होते. पट मांडलेला, फोन शेजारी. आई खुर्चीच्या कडेवर, पदर तोंडाशी.

“बस,” बाबा म्हणाले. “वाचला मी.”

“काय वाचलंत?”

“मेल आली मना. पैसं लावनाऱ्यांना जाते ती.”

अस्मिताने आईकडे पाहिलं. आईने तोंडावरचा पदर काढला. “बोहनी घरच्या हाताने व्हावी म्हनून गो,” ती म्हणाली. “पयल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी. देवीला फोन दाखवला नि मीच दाबला. यांचाच फोन, यांचाच मेल. माझा कुठं हाय मेल?”

पहिला डबा बाबांच्या नावावर होता, आणि अस्मिताने यादी कधी वरपर्यंत पाहिलीच नव्हती. बाहेरच्यांसाठी घातलेल्या कुलपाच्या आत बाबा पहिल्या दिवसापासून बसले होते.

“बाबा, मी…”

“त्या आजाराचा नाव बरोबर लिवलंस?” त्यांनी मध्येच विचारलं. “मी बघून घेतला, काय काय होता त्यात. शेवटी मानूस जेवायचा पन विसरतो म्हनतात.”

“सगळ्यांचं तसं नाही होत.”

“दोघींना ठाव होता. या फोनमधल्या परक्या लोकांना ठाव झाला. मनाच नाय इचारलास.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “मी रिक्षावाल्याला इचारला ते मी कोनाला सांगितला नव्हता. त्यानं सोडला नि तुला सांगितला, ना? तू सगळ्यांना सांगितलास.”

मग त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला. प्रतिक्रियांची रांग लागली होती. काकांना सलाम. काकांची काळजी घ्या. वाचून डोळे भरले. तुमच्यासारखी लेक सगळ्यांना मिळो.

“खाली जा. आनखी खाली. उधाणाच्या पानाबद्दल एकानं तरी इचारलाय का बघ.”

कोणीच विचारलं नव्हतं.

“यांना माझ्याबरोबर डाव नाय खेलायचा,” बाबा म्हणाले. “मना बघायला यायचाय. ते बक्षीस काढून टाक.”

“लोकांनी घेतलंय, बाबा. एकदा कोणी घेतलं की काढता येत नाही.”

“मग लोकांना काढता येतं?”

येत होतं. मोहीम बंद होईपर्यंत कोणीही आपला शब्द मागे घेऊ शकत होता. खोटं बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण आता घरात आणखी एक खोटं मावणार नव्हतं. “हो,” ती म्हणाली.

“लिव तर. मी सांगतो.”

“रक्कम कमी पडली तर खेळ छापला जाणार नाही.”

“म्हाईत हाय. एवढा तरी डोस्क्यात ऱ्हातो.”

त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं. ‘मी नंदकिशोर म्हात्रे. आजार खरा आहे. पण तुम्ही पैसे आजारासाठी लावले असतील तर काढून घ्या, आमचं काही म्हणणं नाही. खेळ आवडला असेल त्यांनीच राहा.’ आई उठून देवापुढे गेली आणि तिथेच बसली. तेजसला कळलं तेव्हा तो आधी ओरडला, मग म्हणाला, “काका आहेत ते. टाक.”

पुष्कळ लोक राहिले, पण काहींनी मुकाट पैसे काढले. ज्यांनी काढले त्यांना तरी काय म्हणायचं? त्यांना सांगितलं तसंच त्यांनी केलं. तारीख आली तेव्हा पट्टी शेवटाच्या अलीकडे थांबलेली होती. पानावर एक राखाडी ओळ उमटली, मोहीम अपूर्ण राहिली. कोणाच्याही खात्यातून काही गेलं नाही. गोष्टीचा रकाना बंद झाला, आता त्यातला कानामात्राही बदलता येणार नव्हता.

घरात डाव दुपारी तसाच मांडला जाई. पण आता प्रत्येक सोंगटी उचलल्यावर बाबा आधी आईच्या चेहऱ्याकडे बघत. “बरोबर ना?” विचारत. आधी कधी विचारत नव्हते. चुकत तेव्हाही ठसक्यात चुकत. अस्मिता दाराआडून ते ऐकायची, आणि हे आपण केलं, आजाराने नाही, हे तिला स्वच्छ कळायचं.

पावसाळा सरल्यावर एकदा पोर्टलवरून मेल आली. पान बंद असलं तरी प्रतिक्रिया येत होत्या. रत्नागिरीच्या हरेश नावाच्या माणसाने लिहिलं होतं, ‘चित्र बघून मुलांसाठी पुठ्ठ्यावर खेळ काढलाय. चालेल ना? एक अडलंय. माझी उघाडी उघडी असताना उधाणाचं पान निघालं आणि पाणी शेजाऱ्याच्या खाचरात शिरलं, तर मीठ कोणाचं जातं?’

अस्मिता फोन घेऊन बाबांकडे धावली. त्यांनी प्रश्न दोनदा वाचून घेतला. पाठ ताठ झाली. आईकडे त्यांनी पाहिलं नाही.

“लिव,” ते म्हणाले. “कोनाचाच मीठ जात नाय. दोघांनी मिळून बांध घालायचा. त्या डावाला दोघं खेलत नाय, बांधच घालतात. मग उरेल तो मीठ अर्धा अर्धा.”

पुस्तिकेत नियम तसा नव्हता. बाबांनी स्वतः लिहिलेला, तिने स्वतः टाइप केलेला नियम होता, ज्याची उघाडी उघडी त्याने शेजाऱ्याला सगळं मीठ भरून द्यायचं. याच पानावर आई हरायची.

आईने मान वर केली. तिलाही माहीत होतं.

अस्मिता टाइप करत राहिली. बोटं थांबू दिली नाहीत.

“काय लिवलंस? वाच,” बाबा म्हणाले.

तिने शब्द न् शब्द वाचून दाखवला. दोघांनी मिळून बांध घालायचा. उरेल ते मीठ अर्धं अर्धं.

“हां,” ते म्हणाले. “आता पाठव.”

तिने पाठवलं.