खोडलेला बाण

आक्काला नोकरीवरून काढलं त्या दिवशी मी तिच्या टेबलावरची कुंडी उचलून माझ्या टेबलावर ठेवली आणि मनाशी ठरवलं, याचा हिशेब होणार. कधी, कसा, ते माहीत नव्हतं. पण मला घाई नव्हती. मी संसारी बाई आहे, मंद आचेवर शिजवायची सवय आहे.

आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या कंपनीची डोळ्यांची इस्पितळं आहेत. पेशंटची नोंदणी एका सिस्टिमवर होते, फोनवर तक्रारी दुसऱ्या सिस्टिमवर घेतल्या जातात आणि ‘तपासणीला या’ असे मेसेज तिसरी सिस्टिम पाठवते. या तिघींना एकमेकींचं काही कळत नाही, म्हणून ठरलेल्या वेळी इकडची माहिती तिकडे नेणारे प्रोग्रॅम आम्ही लावतो. त्यांना सिंक म्हणतात. आक्काने मला हे सगळं हाताला धरून शिकवलं. मी कुठलं कॉलेज केलेलं नाही, माझं कॉलेज म्हणजे आक्काच्या शेजारची खुर्ची.

एका माणसाची आई वारली. त्याने फोन करून सांगितलं, आता मेसेज पाठवू नका. तरी ‘आईंची तपासणी बाकी आहे’ असा मेसेज जात राहिला. तो माणूस इस्पितळात येऊन काउंटरवर रडला, मग ओरडला, मग वरपर्यंत गेला. ‘मेसेज नको’ म्हणणाऱ्यांची यादी मेसेजच्या सिस्टिमला नेणारा सिंक आक्काचा होता. आमच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये मान हलवून सांगितलं, “हलगर्जीपणा. मलाच वाईट वाटतंय.” त्यांना आम्ही मलमल म्हणतो, कारण माणूस कापला तरी यांचा हात मऊच लागतो. आक्काच्या पत्रावर ‘हलगर्जीपणा’ हा शब्द आला, आणि त्या शब्दापायी तिला दुसरीकडे कोणी उभं करेना.

महिन्याभराने मलमलने मला बोलावलं.

“ऑडिटवाले येणार आहेत. आपले जेवढे सिंक आहेत त्या सगळ्यांचं एक चित्र हवं. आपल्या टीममध्ये आलेल्या नव्या मुलीलाही उपयोगी पडेल. छान, सुटसुटीत काढ. भिंतीवर लावता आलं पाहिजे.”

“सगळे म्हणजे सगळे, सर?”

“सगळे म्हणजे सगळे. मी काय चिनीत बोलतोय?”

जुनी कागदपत्रं बघून चित्र काढणं सोपं असतं. पण आक्काची शिकवण वेगळी. पाठवणाऱ्याला विचारू नकोस, घेणाऱ्याला विचार. ज्या सिस्टिममध्ये माहिती जाऊन पडते तिथे बघ, आत कोण कोण लिहून जातं. म्हणून मी मेसेजच्या सिस्टिममध्ये शिरले आणि लिहिण्याची परवानगी असलेल्या किल्ल्या बघितल्या. सिंकला आत शिरायला प्रत्येकी एक किल्ली लागते. तिथे एक किल्ली होती जिच्याबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. काढणाऱ्याचं नाव मलमलचं.

खुर्चीत मागे टेकून बसले. मग हळूहळू सगळं जुळलं. साहेबांना मेसेजच्या सिस्टिममधल्या त्यांच्या डॅशबोर्डवर, म्हणजे आकड्यांच्या पडद्यावर, पेशंटचे आकडे ताजे हवे होते, म्हणून त्यांनी स्वतःच एक सिंक लावला होता. तो रोज रात्री नोंदणीतून पेशंटची पूर्ण माहिती उचलून मेसेजच्या सिस्टिमवर ओतायचा. नोंदणीला ‘नको’ काय ते ठाऊकच नाही, तिथे प्रत्येकाच्या नावापुढे ‘चालेल’ असतं. म्हणजे आक्काचा सिंक दिवसभर ‘नको’ लिहायचा आणि रात्री साहेबांचा सिंक ते पुसायचा. आक्काचा सिंक फक्त नवे बदल नेतो. एकदा नेलेलं ‘नको’ पुसलं गेलं तर तो परत मागे वळून बघत नाही. आक्काचं काहीही चुकलं नव्हतं.

मी ताबडतोब एक सिंक वाढवला. रोज सकाळी, मेसेज सुटायच्या आधी, ‘नको’ म्हणणाऱ्यांची सगळी यादी पुन्हा लिहायची. सूड माझा होता, तो कुणाच्या मेलेल्या आईच्या नावावर घ्यायचा नव्हता.

मग चित्र काढलं. सिस्टिमचे चौकोन, सिंकचे बाण. प्रत्येक बाणावर काय जातं, कधी जातं, सगळं जातं की फक्त बदल, कुठल्या किल्लीने जातं आणि जबाबदार कोण. साहेबांचा बाण लाल काढला.

मलमलने चित्र पाहिलं. नजर लाल बाणावर थांबली.

“हा कशाला?”

“चालतो ना सर रोज.”

“अगं, तो तात्पुरता आहे. डॅशबोर्डपुरता. हा काय डेटा फ्लो झाला? उगाच ऑडिटवाले घोळ घालतील. काढून टाक.”

“सर, तुम्हीच खोडा ना. मी तुमच्या सिंकला हात लावायचा म्हणजे...”

“बायकांना साध्या गोष्टींची भीती,” म्हणत त्यांनी तिथेच स्वतःच्या लॅपटॉपवर फाइल उघडली आणि बाण स्वतः खोडला. खाली ‘तपासले व मंजूर’ अशी टीप टाकली, स्वतःच्या नावाने. मी त्यांना चहा आणून दिला. साखर व्यवस्थित घातली होती.

ऑडिटच्या दिवशी चित्र पडद्यावर लावलं. तपासनीस बाई चष्मा नाकावर ओढून एकेक बाण विचारत होत्या आणि मलमल भराभर उत्तरं देत होते. किल्ल्यांच्या यादीवर बाईंची नजर जाईल आणि मग गाडी रुळावर येईल, असा माझा हिशेब. पण त्याआधीच नव्या मुलीने हात वर केला.

“मला एक कळलं नाही. हा बाण फक्त नवे बदल नेतो ना? मग रोज सकाळी तीच सगळी यादी परत का लिहायची? रात्री कोणी पुसतं का?”

मलमल हसले.

“नवी आहे. हे खबरदारी म्हणून असतं, बाळा.”

“कशाची खबरदारी?” तपासनीस बाईंनी विचारलं. “या सिस्टिममध्ये लिहिण्याची परवानगी कुणाकुणाला आहे, ती यादी दाखवता?”

हा प्रश्न माझ्याकडे वळला होता. मी यादी उघडली आणि पडद्यावर चित्राच्या शेजारी ठेवली. बाई पेनाच्या टोकाने एकेक किल्ली आणि तिचा बाण जुळवत गेल्या. शेवटी एक किल्ली उरली.

“हिचा बाण कुठे आहे?”

मला सगळं सांगता आलं असतं, पण मी पाणी प्यायले. सावकाश.

“किल्ली काढणाऱ्याचं नाव तुमचंच दिसतंय,” बाई मलमलला म्हणाल्या. “काय करतो हा सिंक?”

“तो... तात्पुरता...”

“काय करतो, ते विचारलं मी.”

आणि मलमलला सांगावं लागलं. काय उचलतो, कुठे ओततो, कधीपासून. पुढचा प्रश्न बाईंनी विचारला नसता तर मी विचारला असता. पण त्यांनी विचारला. “मग ‘नको’ची नोंद हाच पुसत होता? आई वारलेल्या त्या माणसाची तक्रार माझ्या फाइलीत आहे. तिच्यात कारवाई कुणावर झाली?”

“एका... कर्मचारी बाईंवर.”

“नाव?”

त्यांना आक्काचं पूर्ण नाव उच्चारावं लागलं, आडनावासकट. मी ते ऐकत राहिले. असं गोड गाणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

“आणि चित्रात हा बाण नव्हताच?” बाईंनी मला विचारलं.

“होता,” मी म्हटलं. “फाइलचा इतिहास उघडते. कुणी खोडला तेही दिसेल.”

मलमल माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून हसले. त्यांच्यासारखंच, मऊ.

बाईंच्या अहवालात सगळं आलं. मलमलला खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत बसवलं. आक्काच्या पत्रातला शब्द मागे घेणारं नवं पत्र निघालं, ते घेऊन मी तिच्या घरी गेले. सोबत चित्राची प्रतही नेली, लाल बाण परत काढलेली, जबाबदार व्यक्तीच्या जागी साहेबांचं नाव.

आक्काने पत्र बाजूला ठेवलं आणि चित्र ओट्यावर पसरलं. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर बाणांवरून फिरत होती.

“लाल बाण बाकीच्यांपेक्षा जाड काढलास गं.”

“हो.”

“असं काढत नाहीत. सगळे बाण सारखे हवेत.”

“माहीत आहे मला.”

आक्काने लाल बाणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “असू दे. याला आणखी थोडा जाड कर.”