हलका डबा, जड पातेलं

मॅचच्या आदल्या दिवशी मी वडोदऱ्याच्या आमच्या क्रिकेट टीमच्या पोरांच्या पालकांना ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या डबा हलका द्या. थेपले, दही-भात, केळं. तळलेलं नको, गोड नको. पाण्याची बाटली मोठी द्या, वर नाव घाला. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी वेगळं द्या.’ सगळ्यांनी अंगठे पाठवले. तेवढं त्यांना छान जमतं.

लंचला आमच्या मंथनच्या आई हेतलबेन रिक्षातून भलंमोठं पातेलं घेऊन उतरल्या. श्रीखंड होतं, आणि टोपलीभर पुऱ्या.

“बेन, माझा मेसेज वाचलात ना?”

“वाचला की सर! मंथनचा डबा हलकाच दिलाय. हे सगळ्या टीमसाठी वेगळं आणलंय.”

माझं डोकं फिरलं. पण लंचनंतर आमची बॅटिंग होती आणि आणंदहून आलेल्या टीमची फील्डिंग. मी गोड आवाजात म्हणालो, “आधी पाहुण्यांना वाढा.”

हेतलबेननी आग्रह करकरून वाढलं. आमची पोरं थेपले चावत माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघत होती. लंचनंतर आणंदचा एक फील्डर जांभई देत असताना चेंडू त्याच्या पायांमधून गेला. आम्ही आठ विकेटनी जिंकलो. जाताना त्यांचे कोच परमारसर रिकाम्या पातेल्याकडे बराच वेळ बघत राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही आणंदला खेळायला गेलो. लंचनंतर फील्डिंग आमची होती. मंडपाच्या दाराशी परमारसर हात जोडून उभे होते. त्यांच्यामागे कढईत जिलेब्या तळणं चालू होतं.

“या, या,” ते म्हणाले. “आधी पाहुणे.”