गार पाय

फोटो मीच काढला आणि चूकही माझीच.

या बेटावर डॉक्टर नाही. आठवड्यातून एकदा मी, नर्स नेवेंका, बोटीने येते आणि शंका आली की फोटो समोरच्या किनाऱ्यावरच्या डॉक्टर वेकोंना पाठवते. पेरिना मावशींच्या दोन्ही पायांना बारा वर्षांपासून शिरांचा इसब आहे. तपकिरी, खवल्यांची, खाजरी कातडी. त्या दिवशी मात्र डाव्या पोटरीवर लाली जरा जास्तच दिसली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "लाली फोटोत दिसते गं, ऊब नाही दिसत. हात लावून सांग. ताप?"

मी हाताची पाठ टेकवली. पाय गार होता. अंगात तापही नव्हता. मावशी म्हणाल्या, "खाजतंय नुसतं, बाई. जुनंच दुखणं."

"मग इसबच. मलम लाव, पट्टी बांध," डॉक्टर म्हणाले.

सवयीने मी लालीच्या कडेने पेनाची रेघ ओढली, मलम लावून पट्टी बांधली आणि निघाले. दोनची बोट होती. पण धक्क्यावर जिवाला चैन पडेना. नाक खाजवलं तर बोटांना राकियाचा, इथल्या घरगुती दारूचा, वास. घरात तो वास येतोच, म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं. इथे कुणाचा गुडघा दुखला तरी राकियात भिजवलेलं फडकं गुंडाळतात आणि मद्य उडताना कातडी गार करून जातं. मग मी कसली ऊब तपासली? स्वतःला शिव्या घालत मी चढ चढले. बोट भोंगा देऊन गेली.

मावशी पांघरुणात कुडकुडत होत्या. पट्टी सोडली. लाली रेघेच्या बोटभर बाहेर गेली होती, हात लावला तर तवा, आणि नुसत्या स्पर्शाने त्या कळवळल्या. उजवा पाय जसाच्या तसा. तापमापक एकोणचाळीस दाखवत होता. इसबाच्या भेगेतून जंतू आत शिरले होते.

डॉक्टरांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "हा कातडीखालचा संसर्ग आहे. पहिली गोळी आत्ता दे, पेनिसिलिन चालतं ना विचार. मी बचावाची बोट पाठवतो."

"चालतं," मावशी पुटपुटल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू यायच्या आधी तासभर फडकं बांधून बसले होते. तापाची गोळीही घेतली."

"का पण?"

"आमच्या ह्यांना अशाच बोटीने नेलं. परत आणलं ते पेटीत. तुला पाय गार लागला तर तू नेणार नाहीस, असं वाटलं."

मला राग आला, रडूही आलं. "मावशी, मला फसवलंत तर कोण वाचवणार तुम्हाला?"

बोट दिसली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात तापाने भाजत होता.

"तू पण चल," त्या म्हणाल्या.

माझी बोट तर गेलीच होती. मी चढले.