नाकाला लावलेला मोबाईल

"सर, तुमचा मोबाईल एवढ्या झपाट्यानं बडबडतो, ते तुमाला खरंच कळतं का नुसतं आमच्यावर छाप पाडायला लावलंय?"

हे विचारायची पैज रोहिणी आणि मनिषानं माझ्याशी लावली होती. बक्षीस, एक प्लेट भेळ. भागवत सर आमच्या तेलगावच्या शाळेत नवीन आलेले, इतिहासाला. त्यांना अजिबात दिसत नाही. मोबाईलवर बोट ठेवलं की तो बोटाखालचं वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगानं की आम्हाला एक शब्द लागत नाही.

यंदा दहावीत आल्यापासून मला धीर लई आला होता. कशाच्या जोरावर, देव जाणे. कारण फळा तर मलाही दिसत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार हाय, चष्म्यानं जायचा नाही, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि ही गोष्ट घराबाहेर जायची नाही, असं पप्पांनी सांगितलं. पुढं लग्नाच्या वेळी लोक नावं ठेवतील म्हणून. मग मी मनिषाशेजारी बसते आणि तिच्या वहीतून उतरवते. इतकं इमानदारीनं उतरवते की एकदा चाचणीच्या पेपरवर नावसुद्धा मनिषाचंच टाकलं. वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, म्हणजे कुणाला शंका नको.

सर चिडले नाहीत. मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, "ये, तूच चालवून बघ. एकदा टेकवलं की नुसतं वाचतो. दोनदा टकटक केलं की उघडतो."

पडद्यावर फोनच्या नावांची यादी होती, तिच्यावर मी बोट टेकवलं. मोबाईल काहीतरी पुटपुटला. ऐकू आलं नाही, म्हणून मी पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर दोनदा टकटक केलं. टकटक कुठंही केली तरी आधी वाचलेलंच उघडतं, हे मला काय ठाऊक? फोन लागला. शेजारच्या खोलीतून मुख्याध्यापक बबनराव बोलले, "हं, बोला भागवत." आवाज मोबाईलमधूनही आला आणि भिंतीतूनही. वर्ग बाकांखाली गेला.

सरांनी फोन आवरला, आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरली आणि वाचणारा आवाज बंद केला. "आता तुझ्या डोळ्यांनी वाच. बबनरावांच्या खाली कुणाचं नाव हाय?"

मी वाचलं. "शहादेव पेंटर."

सरांनी मोबाईल परत घेतला आणि धडा सुरू केला. तास सुटल्यावर मात्र मला थांबवून हळूच म्हणाले, "मघाशी तुझा आवाज मोबाईलच्या मागून आला. तोंडापुढं ताट धरून बोलल्यावानी. नाकाला लावून वाचतीस ना?"

नऊ वर्षं डोळस माणसांना गंडवलं आणि सापडले कुणाला, तर ज्यांना दिसत नाही त्यांना. खोटं बोलायचा माझा दांडगा सराव, पण त्या दिवशी "हो" आपोआप निघालं. मग सहामाहीला गणितात एकतीस पडलेत, दहावीला साठ टक्क्यांच्या खाली आले तर पप्पा बीडच्या कॉलेजला घालणार नाहीत, हेही सांगून टाकलं.

सरांनी आपल्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन सुलभतेच्या यादीतलं मोठं करून दाखवायचं चालू केलं. पडद्यावर तीनदा टकटक, की सगळं मोठं. मी गणिताच्या पेपरचा फोटो काढला आणि टकटक केली. आधी नुसता काळा डाग दिसला. मला वाटलं आजार वाढला. सर म्हणाले, पडद्यावर आता एकच तुकडा मावतोय, दोन बोटांनी सरकव. सरकवत सरकवत मी तिसऱ्या गणिताशी पोचले. तिथं तीन होता. मी आठ धरून सोडवलं होतं. आठाच्या हिशेबानं माझं उत्तर अगदी बरोबर होतं.

मी वेंधळी आहे असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, सगळ्यात मोठ्यानं.

"परीक्षेत मोबाईल चालत नाही," सर म्हणाले. "पण डोळ्यांच्या अपंगत्वाचा दाखला मिळाला तर जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म याच महिन्यात भरायचेत. मी माझ्या वेळी लपवलं. एक साल गेलं."

घरी जाऊन मी पप्पांच्या मोबाईलवर तेच चालू केलं, धड्याचं पान वाचलं आणि बंद करायला विसरले. संध्याकाळी पप्पांनी सवयीनं पडदा बोटानं तीनदा ठोकला. त्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरचा फोटो उघडा होता, त्यातली एकटी मिशी पडदाभर पसरली. पप्पा म्हणाले मोबाईल गेला, आई म्हणाली गरम झाला असंल. मी तीनदा टकटक केलं आणि मिशी जागेवर गेली.

"तुला कसं जमतं गं हे?" पप्पांनी विचारलं.

"मी असंच वाचते आता. सहामाहीला तीनाचा आठ दिसला, म्हणून एकतीस पडले."

आईनं हातातलं काम ठेवलं. पप्पा लोक काय म्हणतील ते सुरू करणार, तेवढ्यात मी बोलून टाकलं.

"आई, पप्पा, सोमवारी मला बीडच्या सरकारी दवाखान्यात न्या. दाखला काढायचाय. फॉर्मवर मी डोळ्यांचं लिहिणार हाय. आन यंदा पेपरवर नाव माझं टाकणार हाय, मनिषाचं न्हाई."