डाग नसलेलं पान

आजी गेल्यावर आईने तिच्या पाककृतींच्या वहीचे फोटो परदेशातल्या लेकाला पाठवले. तोही पठ्ठ्या कामावरून आला की चार घास पोटात ढकलून त्या पाककृती टाइप करत बसायचा. रडू काही येत नव्हतं. निदान हात तरी चालत होते.

तेलातुपाने पानं पिवळी पडली होती, शाई उडाली होती. संगणकावर फोटोतला फक्त लाल रंगाचा थर ठेवला की डाग विरायचे आणि निळी अक्षरं वर यायची. पाठची शाई आरपार दिसायची, म्हणून त्याने आईला पानाखाली काळा कागद घालून पुन्हा फोटो काढायला लावले. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणत तिने काढले. अंदाजाने लावलेल्या प्रत्येक शब्दापुढे तो प्रश्नचिन्ह टाकायचा.

सफरचंदाच्या केकचं पान मात्र काहीही न करता लख्ख वाचता आलं. त्याने फोन लावला.

"आई, हेच पान एवढं स्वच्छ कसं गं?"

"ते ओट्यावर कधी आलंच नाही. तू फोनवर मागितला होतास ना केक? तू आलास की करणार होती आजी."

"बरं," तो म्हणाला.

त्याने केक टाइप केला, एकही प्रश्नचिन्ह न टाकता, आणि पुढचा फोटो उघडला.