मेढ्याची पाटी

संस्थान विलीन झालं त्या वर्षी, सांगलीच्या हळदीच्या वखारीत, आम्ही कामगारांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला. शिकवायला मी होतो. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं लावलेला माणूस. चार लोकांपुढे बोलायची मला सवय नव्हती. पण आराखडा माझाच होता: पहिल्या महिन्यात दुकानांच्या पाट्या, दुसऱ्यात मोटारींच्या, तिसऱ्यात साधे अर्ज. आधी अख्खा शब्द ओळखायचा, मग तो फोडून अक्षरं शिकायची.

वर्गात अकरा जण होते. सगळ्यांत पुढे रंगूबाई बसायची. ती हळद निवडायची. तिची लेक मेढ्याला दिलेली, जावई पलटणीत, आणि लेकीचे दिवस भरत आलेले. शुक्रवारी रंगूबाईला निघायचं होतं, एकटीनं. साताऱ्याला मोटार बदलायची होती.

"बाई माणूस, चुकंल," वखारीचा मुकादम नानासो म्हणायचा. "वखारीचा शिपाई मोकळा झाला की देतो संगं. पंध्रा दिस थांब."

"पोरगी थांबंल व्हय पंध्रा दिस?" रंगूबाई म्हणायची.

पुठ्ठ्यांवर मी गावांची नावं लिहिली होती. मी पुठ्ठा उचलला की सगळे ओरडत, "तासगाव! आष्टा! मेढा!" मला एवढं कौतुक वाटे, की शब्द फोडायचं मी रोज उद्यावर टाकत गेलो.

रविवारी मी नवे पुठ्ठे केले; जुने फार मळले होते. सोमवारी पहिला पुठ्ठा दाखवला. सगळे पुढं वाकून बघू लागले.

"आवं गुरुजी, ह्येच्यावर काय वळखायचं?" गुंडा हमाल म्हणाला. "तासगावला कोपऱ्यात आंगठा हुता."

"कसला अंगठा?"

"माजाच. हळदीचा."

तेव्हा मला कळलं. सगळ्यांची बोटं पिवळी. दीड महिन्यात प्रत्येक पुठ्ठ्यावर डाग पडले होते, आणि वर्ग अक्षरं नव्हे, डाग वाचत होता. आष्ट्याला दोन बोटं, मेढ्याला खाली लांबट ओघळ. गुंडा आणि बाकीचे हसले. मी हसू शकलो नाही.

"रंगूबाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुम्ही शुक्रवारी जाऊ नका."

"का? चार दिस हायत की." ती उठून उभी राहिली. "मोटारीला हळद न्हाई लागत. चला भाईर, खरी पाटी दावा."

मी कंदील घेतला आणि सगळा वर्ग पेठेत आला. किराणा दुकानावर 'मेणबत्त्या' लिहिलं होतं. त्यातला 'मे' मी काठीनं दाखवला. पुढं 'ढवळे आणि मंडळी, कापडाचे व्यापारी'. "हा ढ. याला काना जोडला की ढा." रंगूबाईनं रस्त्याच्या धुळीत बोटानं 'मेढा' काढलं. काना राहिला होता. तिनं स्वतःच तो ओढला.

"आता पुसा," मी म्हणालो, "आणि दुसऱ्या जागी काढा."

मंगळवारी 'सातारा' फोडला, बुधवारी 'तासगाव'. दोन्हींत 'स' आणि 'ता' सापडल्यावर गुंडा म्हणाला, "च्यायला, ह्ये एकमेकाचं पावणं हायत की!" गुरुवारी मी त्यांना मोटारस्टँडवर नेलं. रंगूबाईनं सहा गाड्यांच्या पाट्या वाचल्या. एक चुकली. परत जाऊन तिनं ती नीट वाचली.

शुक्रवारी सकाळी मी तिला पोहोचवायला गेलो. नानासोही आला होता. त्यानं तिचं गाठोडं उचललं आणि तिसऱ्या गाडीकडे चालू लागला. "साताऱ्याची हितंच लागती. बस."

रंगूबाई गाडीसमोर उभी राहिली. माझ्या तोंडाशी शब्द आला होता; मी तो गिळला.

"ता... स... गा... व," ती म्हणाली. "मुकादम, ही न्हाई. गाठोडं आना हिकडं."

"रोज हितंच आसती!"

"आज न्हाई." ती पाचव्या गाडीपाशी गेली, पाटी वाचली आणि चढली. नानासोनं कंडक्टरला विचारून घेतलं, आणि गाठोडं खिडकीतून आत दिलं.

वीस दिवसांनी ती वर्गात आली. नात झाली होती; रंगूबाई पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे.

"साताऱ्याला कुणाला विचारलंत?" मी विचारलं.

"मी कशापायी इचारू? दोन दांडगं गडी मलाच इचारत हुतं, म्हातारे, ही गाडी कुटली? म्हटलं, वाईची. बसा गप."

गुंडा म्हणाला, "आन ती मेढ्याला गेली आसंल तर?"

"मग मी कशात बसले हुते रं?" रंगूबाई म्हणाली, आणि त्याला सरकवून पुढच्या जागेवर बसली.