श्रीधर नावाचा सोडियम

फिजिऑलॉजीच्या तोंडी परीक्षेत नापास होणारी मुलं दरवर्षी असतात. बहुतेक जण चार दिवस रडतात, घरी फोन करतात आणि पुस्तक उघडून बसतात. वच्छला रडली नाही. तिच्या मनात खुन्नस बसली, आणि एकदा बसली की ती सहजी उठणारी नव्हती. करमाडच्या तिच्या घरात आजीपासून सगळ्याच बायका तशा होत्या.

झालं होतं ते असं. डॉक्टर श्रीधर, म्हणजे कॉलेजातले फिजिऑलॉजीचे सर, यांनी तिला विचारलं होतं, हेनलेच्या लूपच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या नेफ्रॉन नावाच्या बारीक नळीच्या वळणाच्या, उतरत्या फांदीत काय होतं? वच्छला घाबरली. उतार म्हटल्यावर तिला वाटलं, मीठ उतारानं निसटत असेल. "सोडियम बायर पडतंय, सर," ती म्हणाली. उत्तर साफ चूक होतं. उतरत्या फांदीतून पाणी बाहेर जातं, सोडियम आतच राहतो. चूक झाली म्हणून नापास केलं असतं तर वच्छलानं मान खाली घालून सोसलं असतं. पण सरांनी मान मागे टाकून हसून घेतलं आणि दारात रांगेत उभ्या असलेल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बायर पडतंय! तुमच्या करमाडच्या ओढ्यात पडत असेल, बाई. या मिठाच्या गोणीला कुणीतरी बसस्टँडवर सोडून या."

त्या दिवसापासून ती अख्ख्या बॅचची मिठाची गोणी झाली. मेसमध्ये पोरं मीठदाणी तिच्याकडे सरकवून हसायची. आता सप्लिमेंटरी परीक्षा तोंडावर आली होती. पुन्हा नापास झाली तर ती मागच्या बॅचमध्ये ढकलली जाणार होती. मग वर्षाने लहान पोरांच्या शेजारी बसायचं, पुन्हा त्याच सरांच्या तासाला, आणि तेच नाव नव्या तोंडांतून ऐकायचं. तिला डॉक्टरकी हवी होतीच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला डॉक्टरकीपेक्षा श्रीधर सरांची जिरलेली पाहायची होती.

तिची खोलीसोबतीण भानुमती नांदेडची, वकिलाची मुलगी, हुशार आणि शांत. एका दुपारी कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "अगं, नेफ्रॉन पाठ होत नाही तर गोष्ट कर. एक सोडियम घे आणि त्याला शेवटपर्यंत चालव."

"नाव काय ठेवू त्याचं?"

"काहीही ठेव."

वच्छलाच्या हातातली ओढणी तशीच राहिली. "श्रीधर," ती म्हणाली. "आन मी त्याला पार मुतारीत पोचवते का नाय बघ."

भानुमती हसत सुटली, पण वच्छला हसत नव्हती. तिनं तिथंच पहिला डाव मांडला. श्रीधर रक्तातून आला, गाळणीतून, म्हणजे ग्लोमेरुलसमधून, खाली पडला आणि घसरत घसरत थेट लघवीत गेला. गोष्ट खलास.

"असं कसं?" भानुमती म्हणाली. "शंभरातले नव्याण्णव परत रक्तात ओढले जातात. तुझा श्रीधर गाळणीखालच्या पहिल्याच वळणावर परत जाईल."

"शंभरातला एखादा जातोच ना?"

"जातो."

"मग त्योच ह्यो. पण तो कुठं कुठं पकडला जाईल ते मला सांग. मी त्याला प्रत्येक दारात चुकवते."

इथून पुढे वच्छलाचं पुस्तक वाचणं बदललं. एखाद्यानं आपल्या वैऱ्याच्या घराला किती दारं, कुठली खिडकी कुठं उघडते हे टेहळावं, तशी ती नेफ्रॉन टेहळू लागली. कुठलं दार विसरून चालणार नव्हतं, कारण विसरलेल्या दारातूनच श्रीधर सुटला असता.

गोष्ट वाढत गेली आणि हॉस्टेलच्या पोरी ती ऐकायला जमू लागल्या. वच्छला ती करमाडच्या बोलीतच सांगायची. गाळणीतून श्रीधर खाली आला. थोराड प्रोटीन आणि रक्तपेशी मागं राहिल्या. मग प्रॉक्झिमल ट्यूब्यूल, गाळणीखालचं पहिलं वळण. इथं दारंच दारं. तीनातले दोन सोडियम इथंच घरात घेतले जातात, कारण पेशीच्या मागच्या दाराला बसलेला पंप आतला सोडियम सारखा रक्ताकडं काढत राहतो आणि आत जागा मोकळी ठेवतो. कुणी ग्लुकोजच्या गळ्यात हात टाकून जातो, कुणी अमायनो ॲसिडसोबत, कुणी हायड्रोजनला बाहेर काढून त्याच्या जागी घुसतो. मागोमाग पाणीही जातं. "आन आपल्या श्रीधरसोबत जायला कोण तयार? कुणीच नाय. ग्लुकोज म्हन्तं, ह्याच्या तोंडाचा पट्टा कोण ऐकंल?" पोरी खिदळायच्या.

मग हेनलेचा लूप. उतरती फांदी आली की वच्छलाचा आवाज खाली यायचा. इथं सोडियमला दारच नाही. पाणी तेवढं बाहेर सटकतं. श्रीधर आत, भोवतीचं पाणी कमी कमी, खारटपणा वाढत चाललेला, तळाशी तर नुसता खारा रस्सा. "बस म्हनाव तिथं शिजत," ती दात आवळून म्हणायची. जिथं ती स्वतः चुकली होती त्याच जागी ती सरांना सगळ्यात जास्त वेळ ठेवायची.

वळण घेऊन वर निघालं की उलटं. पाणी अडतं आणि सोडियमला दारं उघडतात. आधीच्या बारीक भागात तो आपसूक झिरपतो; मग जाड भाग येतो, तिथं काळी-पिवळी जीप उभी. चिकलठाण्याच्या नाक्यावर असते तशीच, सीटा भरल्याशिवाय हलणार नाही. सीटा चार: एक सोडियमची, एक पोटॅशियमची, दोन क्लोराइडच्या. शंभरातले पंचवीस सोडियम या जीपनं परत जातात. श्रीधर बसला, पोटॅशियम बसला, एक क्लोराइड बसला. इतक्यात फ्रुसेमाइड नावाची लघवी वाढवणारी गोळी आली आणि दुसऱ्या क्लोराइडच्या सीटवर ठाण मांडून बसली. "जीप हलंना. उतर रे श्रीधर."

पुढं मॅक्युला डेन्सा, चौकीवरची माणसं: किती मीठ चाललंय ते पाहतात आणि शेजारच्या आपल्याच गाळणीला निरोप देतात. मग डिस्टल ट्यूब्यूल, तिथं दोघांची लूना: एक सोडियम, एक क्लोराइड. ती थायाझाइड नावाच्या तसल्याच गोळीनं बंद पाडली. शेवटी कलेक्टिंग डक्ट, लघवी गोळा करणारी नळी. इथं एकट्यानं शिरायचं अरुंद दार, आणि दार किती उघडायचं हे ॲल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन ठरवणार. ॲल्डोस्टेरॉन त्या दिवशी कमी होतं. दार लोटलेलं. "गेला श्रीधर," वच्छला हात झटकून म्हणायची, आणि पोरी टाळ्या पिटायच्या.

गोष्ट पसरली. मुलांच्या हॉस्टेलात गेली, लॅबमध्ये गेली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन पोरं प्रॅक्टिकल हॉलमध्ये घोकत बसली होती, "जीप हलंना, उतर रे श्रीधर," आणि मागं सर उभे होते. सर काही बोलले नाहीत. रजिस्टर उचललं आणि निघून गेले. भानुमतीनं हे येऊन सांगितलं तेव्हा वच्छलाला धास्ती बसली. ओरडले असते तर बरं झालं असतं. न बोललेला माणूस परीक्षेच्या टेबलापर्यंत थांबतो.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून डॉक्टर पद्मजा नावाच्या परीक्षक आल्या होत्या. पिकलेले केस, चष्मा दोरीला अडकवलेला. शेजारी श्रीधर सर, इस्त्रीच्या कडक शर्टात. वच्छला खुर्चीत बसली आणि तिला कुणी काही विचारण्याआधीच सर गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, या बाई सोडियमची फार सुंदर गोष्ट सांगतात म्हणे. मागच्या खेपेला त्यांचा सोडियम भलतीकडेच बाहेर पडला होता. आज ऐकूया?"

"ऐकवा की," पद्मजाबाई म्हणाल्या.

वच्छलानं सांगायला घेतलं. नाव गाळलं, "तो" म्हणत राहिली. गाळणी, ग्लुकोजचा हात, पंप, उतरती फांदी. तिथं सर पुढं वाकले. तिनं शब्द सावकाश टाकले: पाणी बाहेर, सोडियम आत. जीपच्या सीटा आल्या तेव्हा पद्मजाबाईंनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. चौकी झाली, लूना झाली, अरुंद दार झालं.

"छान," सर म्हणाले. "पण या 'तो'ला नाव असेल ना? गोष्टीतल्या माणसाला नाव असतं. सांगा मॅडमना."

ते हसत होते. तेच हसू. त्यांना ठाऊक होतं की ही पोर आता गडबडेल, खोटं बोलेल, नाहीतर रडेल. आणि तिन्हींतलं कुठलंही झालं तरी ते जिंकणार. खोटं बोलले तर जन्मभर ह्याच्या टाचेखाली, असं वच्छलाच्या मनात आलं, आणि त्याबरोबर भीती कुठल्या कुठं गेली.

"श्रीधर," ती म्हणाली.

पद्मजाबाईंनी एकदा सरांकडं पाहिलं, एकदा त्यांच्या टेबलावरच्या नावाच्या पाटीकडं. सरांचे कान लाल झाले होते. हसू मात्र त्यांनी ओढून धरलं.

"असं का. मग बाई, रुग्ण बदलू. औषधं काहीच नाहीत. दोन दिवस हगवण, तोंड कोरडं, रक्तदाब खाली. कलेक्टिंग डक्टमध्ये तुमचा तो आला. लघवीत जातो?"

सापळा चोख होता. वच्छलाला हवं ते उत्तर एक आणि खरं उत्तर दुसरं. 'जातो' म्हणावं ही इच्छा तिच्या जिभेवर आली होती. तिनं ती गिळली.

"नाही, सर. रुग्णाचं पाणी आन मीठ कमी झालंय. ॲल्डोस्टेरॉन वाढलेलं. दार सताड उघडतं. तो परत रक्तात जातो."

"म्हणजे सुटला," सर मागं टेकले. "इतकी खटपट करून."

"सुटला," वच्छला म्हणाली. "पण जाणार कुठं, सर? रक्तातून फिरून पुन्हा गाळणीतच येतो. मूत्रपिंडं दिवसातून पन्नास-साठ वेळा सगळा प्लाझ्मा गाळून काढतात. तो जितक्या वेळा सुटंल तितक्या वेळा पहिल्यापासून. उतरत्या फांदीत पुन्हा शिजायचं, जीपसाठी पुन्हा थांबायचं. मला घाई नाय."

पद्मजाबाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "श्रीधर, मला आणखी काही विचारायचं नाही. तुम्हाला?"

सरांना नव्हतं. गुण पद्मजाबाईंनी मांडले आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढं सरकवला. वच्छलाच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली. पेनाचं टोक कागदात रुतलं होतं.

ती पास झाली. मिठाची गोणी हे नाव आपोआप गळून पडलं, कारण त्याहून मजेदार नाव पोरांना मिळालं होतं. पुढच्या वर्षी नवी बॅच आली आणि तिनं गोष्ट उचलली, सीटांसकट. तोंडी परीक्षेत मूत्रपिंडाचा प्रश्न आला की पोरं "सोडियम" म्हणताना ओठ चावायची, आणि सरांना त्यांच्या डोळ्यांत सगळं दिसायचं. एक दिवस भानुमती मेसमध्ये येऊन म्हणाली, "कळलं का? सरांनी या खेपेला एकालाही नेफ्रॉन विचारला नाही. हृदय, फुप्फुस, सगळं विचारलं. मूत्रपिंड सोडूनच दिलं."

"कुणालाच नाय?"

"कुणालाच नाही. पोरांनी तो धडा वाचायचाच सोडलाय आता."

भानुमतीच्या आवाजात थोडी काळजी होती. पुढं ही पोरं डॉक्टर होणार होती. वच्छलानं ते ऐकलं, आणि तिला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तिला बरं वाटलं, फार बरं. तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढून घेतली आणि पोटभर जेवली.